सांगायचा भाव, पटायचा भाव

जुना फ्लॅट विकायला काढायचा ठरला की पहिला प्रश्न भावाचा, आणि त्याचे उत्तर शोधायला बहुतेक घरांत मोबाइल उघडला जातो. आपल्याच भागातले, आपल्याच आकाराचे फ्लॅट जाहिरातींत कितीला लागलेत ते पाहायचे, आपला त्याहून जरा बरा म्हणून थोडे वाढवायचे आणि गिऱ्हाईक घासाघीस करणारच म्हणून वर आणखी थोडे ठेवायचे. या हिशेबाचा पायाच कच्चा आहे. जाहिरातीतली किंमत कुणीतरी मागितलेली असते, कुणी दिलेली नसते. शिवाय तिच्यातली चूक एकाच दिशेची असते. रास्त भावाचा फ्लॅट लवकर विकला जातो आणि यादीतून निघून जातो. अवाच्या सव्वा भावाचा महिनोन् महिने तिथेच राहतो. त्यामुळे कोणत्याही दिवशी यादी उघडली तरी तिच्यात न विकल्या गेलेल्या महाग घरांचीच गर्दी जास्त दिसते. त्यात एकच फ्लॅट चार एजंटांनी चार किमतींना लावलेला असला, तर एका मालकाची इच्छा चार पुराव्यांसारखी दिसू लागते. म्हणून सांगायचा भाव वरून खाली आणू नये, खालून वर बांधावा. जवळपास खरोखर झालेल्या व्यवहारांतून आधी सौदा पटायचा भाव काढावा, आणि त्या अंदाजात जेवढी शंका उरेल तेवढीच जागा घासाघिशीसाठी ठेवावी.

झालेल्या व्यवहारांची नोंद महाराष्ट्रात कुणालाही पाहता येते, ही सोय फार थोडे विक्रेते वापरतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक टाकला की त्या जागेवरच्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात तो कागद, उघडता येतो. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, मिळकतीचे वर्णन, दस्त केल्याची आणि नोंदल्याची तारीख, भरलेले मुद्रांक शुल्क असे सगळे असते. नवखा वाचक पहिली चूक करतो ती ‘बाजारभाव’ या रकान्यापाशी. तो बाजारातला भाव नसतो. सरकारच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, मुद्रांक शुल्कासाठी काढलेले ते मूल्य असते. हे दर बाजाराच्या मागेमागे, तेही थांबत थांबत येतात. २०२२च्या एप्रिलनंतर ते बदलले थेट २०२५च्या एप्रिलमध्ये. आपल्याला हवा तो ‘मोबदला’. दुसरी चूक होते क्षेत्रफळापाशी. एका दस्तात कार्पेट लिहिलेले असते, दुसऱ्यात बिल्टअप, कुठे चौरस मीटर, कुठे चौरस फूट, आणि बाल्कनी कधी आत तर कधी वेगळी. रेराच्या आधीच्या दस्तांत तर बिल्टअपच जास्त. तेव्हा मोबदल्याला कागदावरच्या आकड्याने सरळ भागले, तर एकाच मजल्यावरच्या सारख्या दोन घरांचा चौरस फुटाचा दर वेगवेगळा निघू शकतो. यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे आपल्याच सोसायटीतले, आपल्याच नकाशाचे घर शोधणे. तिथे फुटांचा प्रश्नच येत नाही, किंमत किमतीशी थेट ताडता येते. कोणते घर केव्हा विकले गेले हे सोसायटीच्या सेक्रेटरीला ठाऊक असतेच, कारण प्रत्येक हस्तांतरण कमिटीपुढून जाते. त्यांच्याकडून फ्लॅट नंबर आणि साधारण महिना घ्यावा, आकडा मात्र कागदावरूनच घ्यावा. जिन्यात ऐकलेला भाव मजल्यागणिक वाढतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कागदावरचा आकडा खरा कशावरून? थोडा चेकने, थोडा ‘वरचा’, हा प्रकार आपल्याकडे आहे, आणि तो नाकारून लिहिण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे सगळीच नोंद बाद होत नाही, तिच्यातून निवड करावी लागते, इतकेच. मोबदला सरकारी मूल्याच्या अगदी कानाला लागून असेल, जसे मूल्य ६४ लाख ८० हजार आणि मोबदला बरोबर ६५ लाख, तर तो आकडा बाजाराने नव्हे, मुद्रांक शुल्काने ठरवलेला असण्याची शक्यता मोठी. असा दस्त बाजूला ठेवावा. उलट मोबदला सरकारी मूल्याच्या बराच वर असेल, तर जास्त शुल्क भरूनही खरेदीदाराने तो लिहू दिला आहे, आणि जास्त शुल्क उगाच कुणी भरत नाही. त्याहून चांगली खूण कर्जाची. महाराष्ट्रात २०१३पासून, मूळ कागद बँकेकडे ठेवून कर्ज घेतले की त्याची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ द्यावी लागते, आणि तीही त्याच शोधात दिसते, कर्जाच्या रकमेसकट. ज्याने घरासाठी मोठे कर्ज काढले, त्याला करारातला आकडा कमी दाखवून परवडत नाही, कारण बँक त्याच आकड्याचा आधार घेते. म्हणून कर्जावर झालेली खरेदी हा सर्वांत विश्वासाचा पुरावा. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, नात्यातली विक्री, बँकेचा लिलाव आणि बिल्डरने केलेली पहिली विक्री हे सारे गाळायचे. त्यांच्या किमतीमागची कारणे वेगळी असतात. फर्निचरचा वेगळा करार केलेला असेल, तर मोबदला तेवढ्याने कमी दिसतो, हेही लक्षात असू द्यावे.

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पद्धत मात्र खरी आहे. समजा, पुण्यात कोथरूडमध्ये वीस वर्षांच्या इमारतीत, लिफ्ट असलेल्या पाच मजल्यांपैकी तिसऱ्या मजल्यावर ६५० चौरस फूट कार्पेटचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, खाली झाकलेले पार्किंग आहे. गाळणीतून चार व्यवहार उरले. पहिला त्याच सोसायटीतला, त्याच नकाशाचा, दुसऱ्या मजल्यावरचा, पार्किंगसह, पाच महिन्यांपूर्वी ९१ लाखांना. दुसराही तिथलाच, चौथ्या मजल्यावरचा, पण पार्किंग नसलेला, नऊ महिन्यांपूर्वी साडेपंच्याऐंशी लाखांना. तिसरा शेजारच्या, तेवढ्याच जुन्या सोसायटीतला, ७२० फुटांचा, पार्किंगसह, तीन महिन्यांपूर्वी ९८ लाख ६४ हजारांना, म्हणजे फुटाला १३,७०० रुपये. चौथा पलीकडच्या रस्त्यावरच्या दहा वर्षांच्या इमारतीतला, ६०० फुटांचा, दोन महिन्यांपूर्वी ९३ लाखांना, म्हणजे फुटाला १५,५००. बहुतेक जण इथे सरासरी काढतात किंवा, मनुष्यस्वभावच तो, चौथा दर उचलून ६५०ने गुणतात आणि एक कोटीच्या वर जातात. खरे काम असते फरक मिटवण्याचे. आणि ते नेहमी विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करायचे, आपल्या घराच्या नाही: ‘हे घर हुबेहूब आपल्यासारखे असते आणि आज विकले असते, तर कितीला गेले असते?’ हा एकच प्रश्न प्रत्येक व्यवहाराला विचारायचा.

पहिला फरक काळाचा. इथे दस्ताची तारीख फसवते. भाव ठरतो टोकन देताना. कर्जमंजुरी आणि कागदपत्रे होऊन करार व्हायला मध्ये काही आठवडे, कधी दोन-तीन महिने जातात, आणि करारानंतर नोंदणीला कायदा आणखी चार महिने देतो. तेव्हा कालची नोंद मागच्या हंगामातला भाव सांगत असू शकते. सरकारी दराची वाढ किंवा वर्तमानपत्रातली शहराची टक्केवारी इथे उपयोगाची नाही. सारख्या दोन घरांच्या विक्रीत साधारण वर्षभराचे अंतर सापडले, तर त्यातून आपल्याच गल्लीतली वाढ निघते. समजा ती वर्षाला सुमारे पाच टक्के, म्हणजे महिन्याला ०.४ टक्के निघाली. पहिल्या व्यवहाराला पाच महिन्यांचे दोन टक्के लावले की ९२ लाख ८० हजार होतात. दुसऱ्याला नऊ महिन्यांचे ३.६ टक्के लावून ८८ लाख ६० हजार. त्यात पार्किंग मिळवायचे आहे. त्याची किंमत किती धरायची? मोह होतो तो याच दोन घरांतला फरक, चार लाख वीस हजार, पार्किंगच्या नावे टाकण्याचा. पण तसे केले तर दुसरा व्यवहार पहिल्याशी जुळणारच. तो जुळवूनच घेतलेला असेल आणि नवीन काहीच सांगणार नाही. पार्किंगची किंमत वेगळ्या जोडीतून काढायला हवी. शेजारच्या सोसायटीत पार्किंगसह आणि पार्किंगविना विकलेल्या सारख्या दोन घरांत साडेतीन लाखांचा फरक दिसला, तर तो इथे घालावा; बेरीज ९२ लाख १० हजार. (करारात पार्किंगला वेगळी किंमत क्वचितच दिसते. इमारतीखालचे पार्किंग सामाईक जागेत मोडते आणि बिल्डरला ते सुटे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितले आहे. तरी ज्याच्या नावे सोसायटीचे वाटपपत्र आहे त्याच्या घराला जास्त भाव येतो, तो येतोच.)

तिसऱ्या व्यवहाराला तीन महिन्यांची वाढ लावली की फुटाचा दर सुमारे १३,८६० आणि आपल्या ६५० फुटांचे ९० लाख १० हजार होतात. हा अंदाज किंचित कमीच असेल, कारण मोठ्या घराचा फुटाचा दर सहसा लहान घरापेक्षा थोडा उतरता असतो. चौथ्याचे काय? काळ धरून तो १ कोटी १ लाख ५६ हजारांवर जातो, पण ती इमारत आपल्याहून दहा वर्षांनी नवी. दहा वर्षांच्या वयाची किंमत किती, हे सांगणारी जोडी हाताशी नाही. मनाने दहा टक्के वजा केले, तर उत्तर सुरेख जुळते, आणि नेमके म्हणूनच तसे करू नये. ज्या व्यवहारात इतकी मोठी अटकळ करावी लागते तो भाव ठरवायला वापरायचा नाही, फक्त छत म्हणून लक्षात ठेवायचा: वीस वर्षांच्या घराला दहा वर्षांच्या घराचा भाव कुणी देणार नाही. उरले ९०.१, ९२.१ आणि ९२.८ लाख. आपल्याच सोसायटीतल्या दोन व्यवहारांना जास्त वजन दिले, तर पटायचा भाव ९२ लाखांच्या आसपास आणि शंकेचा पट्टा नव्वद ते त्र्याण्णव. नूतनीकरणावर केलेला खर्च यात जशाचा तसा मिळवता येत नाही. नवे नळ, गळती नसलेल्या भिंती आणि नीट वायरिंग यांमुळे घर पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे सरकते. हौसेने केलेल्या फॉल्स सीलिंगचे पैसे मात्र घेणारा देत नाही, कारण तो ते काढायच्या बेतात असतो.

आता सांगायचा भाव. आपल्याकडे बैठकीत एक न लिहिलेला रिवाज असतो: विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा एक सांगतो, आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी हात मिळवले जातात. घेणारा तयारीचा असेल, तर त्याने याच नोंदी पाहिलेल्या असतात आणि त्याचा पहिला आकडा पट्ट्याच्या जरा खाली, ८९च्या आसपास येतो. मध्य ९२वर यायचा असेल, तर आपला आकडा ९५ हवा. तो पटायच्या भावाच्या तीन-सव्वातीन टक्के वर आहे, म्हणजे पट्ट्याच्या रुंदीइतकाच. पुरावा जितका घट्ट तितकी जागा कमी, हे सूत्र इथे दिसते. सारखी घरे वरचेवर विकली जाणाऱ्या सोसायटीत तीन टक्के पुरतात. वर्षभरात जवळपास एकही विक्री नसलेल्या बैठ्या वाड्याशेजारच्या इमारतीत पाच-सहा टक्के ठेवणे रास्त, कारण तिथे आपला पट्टाच पाच लाखांच्या आसपास रुंद असेल. ९६ ऐवजी ९५ म्हणण्यालाही कारण आहे. घेणारे ‘९५ लाखांपर्यंत’ अशी चाळणी लावून शोधतात, आणि एका लाखापायी त्या चाळणीबाहेर राहण्यात शहाणपण नाही.

इथे जोरदार आक्षेप येतो: मध्यावरच सौदा पटतो, तर एक कोटी पाच लाख सांगा, मध्यही वर सरकेल! या म्हणण्याला अभ्यासाचाही आधार आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७मध्ये मांडलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एकच घर वेगवेगळ्या लोकांना दाखवले, फक्त कागदावरची मागणीची किंमत बदलली, सुमारे बारा टक्क्यांपर्यंत खाली-वर. विद्यार्थीच काय, मुरलेल्या एजंटांचेही मूल्यांकन त्या आकड्यामागे ओढले गेले. तेव्हा पहिल्या आकड्याची ओढ खरी आहे. पण त्या प्रयोगातल्या माणसांना घर पाहून किंमत सांगायचीच होती. खऱ्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला ती सक्ती नसते. तो फोनच करत नाही. ओढ लागायला आधी माणूस बैठकीला यावा लागतो. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी नव्वदच्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास करून २००१मध्ये मांडलेले चित्र जास्त बोलके आहे. ज्या मालकांना खरेदीपेक्षा कमी भाव मिळणार होता, ते त्या तुटीच्या पंचवीस ते पस्तीस टक्के मागणीत चढवत. प्रत्यक्षात हाती लागले ते तुटीच्या तीन ते अठरा टक्के, आणि त्यासाठी घर विकायला बराच जास्त काळ लागला. म्हणजे चढवून सांगण्याने काहीच मिळत नाही असे नाही. मिळते, पण मागितल्याच्या मानाने थोडे, आणि तेही वेळ मोजून. आपल्याला घर कितीला पडले, बदलीच्या गावी नवे घर कितीला मिळतेय, मुलीच्या शिक्षणाला किती लागणार, हे आपल्याला महत्त्वाचे असते. समोरच्याला त्याचे देणेघेणे नसते.

आपल्याकडे आणखी एक कडक छत आहे, ते बँकेच्या मूल्यांककाचे. करारातला भाव आणि त्याचे मूल्यांकन यांत जो आकडा लहान, त्यावर कर्ज मिळते. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के आहे. ९२ लाखांना सौदा झाला आणि मूल्यांकनही तेवढेच आले, तर कर्ज ७३ लाख ६० हजार. खरेदीदाराच्या खिशातले १८ लाख ४० हजार, पुणे शहरात सात टक्के मुद्रांक शुल्काचे ६ लाख ४४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार, मिळून सव्वापंचवीस लाखांच्या आत. आता आपण ताणून ९६वर सौदा पटवला, पण मूल्यांकन ९२च राहिले. कर्ज तेवढेच, पण खिशातली रक्कम साडेएकोणतीस लाखांच्या घरात जाते. किंमत चार टक्क्यांनी वाढली, पण खरेदीदाराची स्वतःची भर सतरा टक्क्यांनी. तोंडी ठरलेला सौदा नंतर मोडतो तो बहुधा इथे, आणि तोवर आपण दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना ‘झालं आमचं’ म्हणून परत पाठवलेले असते. मूल्यांककही शेजारच्या नोंदीच पाहतो, म्हणून आपला तीन व्यवहारांचा कागद फाइलला जोडून ठेवणे फायद्याचे.

पुनर्विकासाचा मुद्दा काढला जातो तोही थोडक्यात पाहू. कोथरूडसारख्या भागात जुन्या इमारतीचा घेणारा पुढच्या मोठ्या फ्लॅटच्या आशेनेही पैसे मोजतो, हे खरे. पण ती आशा त्याच सोसायटीतल्या मागच्या विक्रीच्या भावात आधीच उतरलेली असते. ती पुन्हा वर चढवणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा विकणे. अपवाद एकच: मधल्या काळात काही ठोस घडले असेल, म्हणजे बिल्डर निवडीचा ठराव झाला असेल किंवा करार नोंदला गेला असेल. तेव्हा जुने व्यवहार दुसऱ्याच मालाचे ठरतात, आणि तुलना पुनर्विकासाला निघालेल्या शेजारच्या सोसायट्यांशी करावी लागते.

९५ हा आकडा बाहेर पडल्यावर त्याची परीक्षा सुरू होते. तीन-चार आठवड्यांत फोनच येत नसतील, तर भाव चाळणीबाहेर आहे. फोन येतात, माणसे घर पाहून जातात, पण कुणी आकडाच सांगत नाही, तर जाहिरात आणि घर यांत मेळ नाही. लोक आकडे सांगतात आणि सगळे ८८-८९च्या पुढे सरकत नाहीत, तर बाजार काहीतरी सांगतो आहे. पहिल्याच आठवड्यात दोघे ९४वर आले, तर तोही काहीतरी सांगतो आहे. दर पंधरवड्याला पन्नास हजार उतरवणे सर्वांत वाईट, कारण पाहणारा पुढच्या उताराची वाट बघत बसतो. उतरवायचे तर एकदाच, पुढच्या चाळणीच्या आत. आणि त्याआधी ई-सर्च पुन्हा उघडावा. मधल्या काळात आपल्याच सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट पार्किंगसह साडेनव्वद लाखांना नोंदला गेला असेल, कर्जाच्या नोटिशीसह, तर ९२चा हिशेब तिथेच संपला. आपला पट्टा एकोणनव्वद ते ब्याण्णववर आला आणि सांगायचा भाव ९३वर.